थंडीत केस उभे राहतात, खांद्यावर पांढरा भुगा पडतो आणि टोकं तुटतात. तिन्हींवर एकच उपाय का चालत नाही?

सकाळी कंगवा फिरवला की चटचट आवाज येतो, केस कंगव्यामागे उभे राहतात. काळा स्वेटर घातला की तासाभरात खांद्यावर पांढरे कण दिसतात. आणि वेणी घालताना हातात तुटक्या टोकांचे बारीक तुकडे येतात. डिसेंबर-जानेवारीतल्या या तीन तक्रारी. "थंडीत केस कोरडे होतात, तेल लाव" असं एका वाक्यात आपण त्यांचं उत्तर देऊन टाकतो.

पण तिन्ही तक्रारींची कारणं वेगळी आहेत. त्यातल्या एकीवर तर तेल हा उपाय नसून खतपाणी ठरू शकतं. हे कसं, ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, नाशिकची एक मुलगी टोरांटोला शिकायला गेली. पहिलाच हिवाळा. जानेवारीत तिने आईला व्हिडिओ कॉलवर डोकं दाखवलं. केस फुगलेले, भांगात पांढरे कण, टोकं झाडूसारखी. आई म्हणाली, "अगं, कोरडं पडलंय सगळं. रात्री कोमट तेल चोळून लाव आणि रोज रोज डोक्यावरून न्हाऊ नकोस." मुलीने तसंच केलं. आठवड्यातून एकदाच केस धुवायचे, आधीच्या रात्री भरपूर तेल. तीन आठवड्यांनी टोकं जरा बरी झाली, पण भांगातले कण वाढले आणि डोकं खाजायला लागलं.

आईचं अर्धं बरोबर होतं, अर्धं चुकलं. कुठलं अर्धं, ते कळण्यासाठी आधी हवेकडे वळू.

थंडीतली हवा खरंच कोरडी असते का?

मोबाइलवर टोरांटोचं हवामान पाहिलं तर जानेवारीतही आर्द्रता 80 टक्के दिसते. मग केस कोरडे कसे पडतात?

याचं कारण म्हणजे ही टक्केवारी हवेत किती पाणी आहे ते सांगत नाही. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त जेवढी वाफ धरू शकते, त्यातली किती भरली आहे, ते सांगते. आणि थंड हवेला फारच थोडी वाफ धरता येते.

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच असा हवेचा खोका डोळ्यांसमोर आणा. बाहेर उणे 10 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल तर त्या खोक्यात जेमतेम दोन ग्रॅम पाणी असतं. हीच हवा फटीफटींतून घरात येते आणि हीटर तिला 22 अंशांपर्यंत तापवतो. 22 अंशांना तोच खोका सुमारे 19 ग्रॅम पाणी धरू शकतो. पण पाणी आहे तेवढंच, दोन ग्रॅमच्या आत. म्हणजे घरातली आर्द्रता झाली 9 टक्क्यांच्या आसपास. स्वयंपाक, आंघोळ आणि माणसांचा श्वास यांतून थोडी वाफ मिसळते, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा 15 ते 25 टक्क्यांमध्ये राहतो. तरीही हवा कोरडीठाकच.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हीटर हवेतलं पाणी "जाळत" नाही. तो फक्त हवा तापवतो, आणि तापलेल्या हवेची तहान वाढते. म्हणून "आमचा हीटर हवा कोरडी करत नाही" ही जाहिरात कुठल्याही प्रकारच्या हीटरची असली, तरी खोली तेवढीच तापली तर आर्द्रताही तेवढीच उतरते.

नाशिकमध्ये काय होतं? तिथे घर तापवायला हीटर नसतो. पण पहाटे 10 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असलेली हवा दुपारी उन्हाने 29 अंशांवर जाते. खोक्यातलं पाणी तेच, सुमारे सात ग्रॅम. दुपारच्या हवेची क्षमता मात्र जवळपास 29 ग्रॅम. म्हणजे दुपारी आर्द्रता 25 टक्क्यांच्याही खाली. टोरांटोत जे काम हीटर करतो, ते नाशिकला ऊन करतं. फरक एवढाच की नाशिकला रात्री हवा पुन्हा थंड होते आणि आर्द्रता परत वर चढते. टोरांटोच्या घरात चोवीस तास दुपारच असते. हा फरक लक्षात ठेवा, कारण ह्युमिडिफायर घ्यायचा की नाही हे त्यावरच ठरतं.

केस उभे का राहतात?

केस म्हणजे मृत प्रथिनांचा धागा, पण तो हवेतलं पाणी शोषतो आणि सोडतो. हवेत 65 टक्के आर्द्रता असेल तर केसाच्या वजनाच्या सुमारे 13 टक्के पाणी त्यात असतं. आर्द्रता 30 टक्क्यांवर आली की ते 6 टक्क्यांपर्यंत उतरतं. म्हणजे निम्म्याहून कमी.

कंगवा केसांवर घासला की केसांतले इलेक्ट्रॉन प्लॅस्टिककडे जातात. हे पावसाळ्यातही होतं. पण तेव्हा केसांतल्या ओलाव्यातून हा विद्युतभार लगेच वाहून जातो, आपल्याला कळतही नाही. कोरड्या केसातून त्याला वाहायला वाट मिळत नाही आणि तो केसावरच साठतो. प्रत्येक केसावर सारख्याच प्रकारचा भार असल्याने केस एकमेकांना दूर ढकलतात. हलके, बारीक केस आधी उठतात. ॲक्रिलिकची टोपी किंवा पॉलिस्टरचं हुडी डोक्यावरून काढलं तरी हेच होतं.

यावरून उपायाच्या दोन बाजू कळतात. घर्षण कमी करायचं, म्हणजे भार कमी तयार होईल. आणि केसावर असा काहीतरी पातळ थर ठेवायचा ज्यातून भार वाहून जाईल. कंडिशनर ही दोन्ही कामं एकाच वेळी करतो. तो कसा, ते पुढे येईलच.

तातडीचा उपाय हवा असेल तर तळहात किंचित ओले करून केसांवरून फिरवा, किंवा कंडिशनरचा वाटाण्याएवढा थेंब दोन्ही तळव्यांवर चोळून वरच्यावर लावा. प्लॅस्टिकऐवजी लाकडी फणी वापरली तरी फरक पडतो. टोपी लोकरीची किंवा ॲक्रिलिकची असेल तर आतून सुती किंवा साटिनचं कापड लावून घ्या. घर्षण कमी होतं.

टोकंच का तुटतात, मुळाशी केस का तुटत नाहीत?

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. कमरेच्या वर पोचणारा 45 सेंटिमीटरचा केस असेल तर त्याचं टोक जवळपास पावणेचार वर्षं जुनं आहे. पावणेचार वर्षांचं ऊन, कंगवे, रबरबँड, टॉवेल आणि ड्रायर त्याने सोसले आहेत.

केसाच्या बाहेर कौलांसारखे एकावर एक बसलेले पातळ थर असतात. त्यांना क्युटिकल म्हणतात. मुळाजवळ हे थर पुरते असतात, टोकाकडे ते झिजत जातात. शिवाय नव्या केसावर निसर्गतः एक तेलकट पापुद्रा असतो, तो टोकाशी कधीच धुऊन गेलेला असतो. असं उघडं पडलेलं टोक कोरड्या हवेत आणखी पाणी गमावतं आणि ताठ होतं. ओला केस ताणला तर लांबतो, कोरडा ताठ केस मात्र वाकवला की मोडतो. म्हणून थंडीत गुंता ओढून काढला की टोकाचे तुकडे पडतात आणि केसांना फाटे फुटतात.

इथे बरेच जण घाबरतात आणि केसगळतीची महागडी औषधं सुरू करतात. त्याआधी एक साधी तपासणी करा. कंगव्यात आलेला केस पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही टोकं पाहा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो केस मुळापासून आला आहे. रोज असे काही डझन केस जाणं नेहमीचं आहे. गाठ नसलेले, आखूड, कमी-जास्त लांबीचे तुकडे असतील तर केस गळत नसून तुटत आहेत. तुटणाऱ्या केसांना मुळाशी लावायच्या औषधाचा उपयोग नाही. तिथे गरज असते ती कंगवा आणि कंडिशनर नीट वापरण्याची.

खांद्यावरचे पांढरे कण: कोरडी त्वचा की कोंडा?

उदाहरणातली मुलगी इथेच फसली, आणि आपणही सगळ्यात जास्त इथेच फसतो.

डोक्यावरून पांढरे कण पडण्याची दोन नेहमीची कारणं आहेत. पहिलं, डोक्याची त्वचा खरोखर कोरडी पडणं. हातापायांची साल निघते तसंच. दुसरं, कोंडा. दिसायला दोन्ही पांढरे, पण स्वभाव उलटे.

कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती जवळपास सगळ्यांच्याच डोक्यावर राहते. त्वचेतून येणारं तेल हे तिचं खाणं. ते तेल फोडून खाताना ती उरलेला आम्लासारखा भाग मागे टाकते. काही जणांच्या त्वचेला तो झोंबतो. त्वचा घाईघाईने नव्या पेशी बनवायला लागते आणि जुन्या पेशी गठ्ठ्याने सुटतात. तोच कोंडा. म्हणजे कोंड्याचं मूळ कोरडेपणात नसून तेलात आहे. थंडीत केस कमी धुतले जातात, दिवसभर टोपी असते, डोक्यावर तेल साचतं आणि कोंडा जोर धरतो.

आता मुलीने काय केलं ते पुन्हा पाहा. धुणं कमी केलं आणि मुळाशी तेल चोळलं. ती खरोखर कोरडी त्वचा असती तर चाललं असतं. पण कोंडा असल्याने बुरशीला दोन्ही हातांनी वाढलं गेलं.

ओळखायचं कसं? कोरड्या त्वचेचे कण बारीक, सुटे, पिठासारखे असतात. फुंकर मारली की उडतात. केस धुतल्यावर लगेच डोकं ताणल्यासारखं वाटतं, आणि त्याच दिवसांत हातपाय, ओठही कोरडे असतात. कोंड्याचे कण मोठे, थोडे पिवळसर आणि चिकट असतात. नखाने खरवडले तर नखाखाली मेणासारखं काहीतरी राहतं. खाज जास्त असते, आणि अनेकदा भुवयांत, नाकाच्या कडेला, कानामागेही तशीच लालसर साल दिसते.

एवढं पाहूनही शंका उरली तर धुणं हीच परीक्षा. एक आठवडा तेल बंद ठेवा आणि दोन-तीनदा सौम्य शांपूने केस धुवा. धुतल्यावर एक-दोन दिवस डोकं हलकं, बरं वाटलं आणि मग कण परतले, तर कोंड्याकडे बोट जातं. धुतल्याच दिवशी ताण आणि कण वाढले, तर कोरडेपणाकडे.

कोंडा असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारा 2 टक्के किटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. यात नेहमीची चूक म्हणजे तो लावून लगेच धुऊन टाकणं. बुरशीवर काम करायला त्याला वेळ लागतो. डोक्याच्या त्वचेवर लावून तीन ते पाच मिनिटं थांबा, मग धुवा. लांबीला तो चोळू नका, कारण टोकं आणखी रखरखीत होतात. गरोदर असाल किंवा लहान मुलासाठी वापरायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

चार आठवड्यांत फरक नसेल, चंदेरी जाड थर बसत असतील, पू किंवा पाणी येत असेल, किंवा मुलाच्या डोक्यावर गोल चट्टा पडून तिथले केस गेले असतील, तर ते साधं कोरडेपण नाही आणि साधा कोंडाही नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जायचं.

मग तेलाचं काय करायचं?

तेल सोडायचं नाही, फक्त त्याची जागा बदलायची.

2003 मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली होती. धुण्याआधी किंवा नंतर तेल लावलं तर केसातून किती प्रथिन निघून जातं, ते त्यांनी मोजलं. तिन्हींपैकी फक्त खोबरेल तेलाने हे नुकसान ठळकपणे कमी केलं. खोबरेलाचे रेणू सरळ आणि लहान असल्याने ते केसाच्या आत शिरू शकतात, बाकीचे बहुतांशी वरच राहतात. हे दोघं मॅरिको या कंपनीचे संशोधक होते आणि ही कंपनी खोबरेल तेल विकते, हेही सांगायला हवं. पण खोबरेल केसात शिरतं, हा निष्कर्ष त्यानंतरही टिकून आहे.

याचा उपयोग असा. न्हाण्याच्या तासभर आधी, किंवा आदल्या रात्री, एक ते दोन चमचे खोबरेल फक्त कानाच्या खालच्या केसांना लावा. टोकांना जरा जास्त. धुताना केस पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना आकसतो, त्यात क्युटिकलचे थर उचकटतात. आत शिरलेलं तेल हे फुगणं कमी करतं. डोक्याच्या त्वचेला तेल लावायचं असेल तर कोंडा नाही ही खात्री करूनच.

थंडीत टोरांटोतच काय, नाशिकलाही पहाटे खोबरेल गोठतं. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी ठेवली की पुरे. गॅसवर कडकडीत करण्याची गरज नाही.

धुण्याची पद्धत कुठे बदलायची?

आठवड्यातून किती वेळा धुवायचं, हे त्वचेवर ठरवा. कोंडा किंवा तेलकट त्वचा असेल तर थंडीतही दोन-तीनदा. त्वचा खरोखर कोरडी असेल तर एकदा किंवा दोनदा, आणि सौम्य शांपू.

पाणी कोमट हवं. थंडीत गीझरचं कढत पाणी डोक्यावर घेताना बरं वाटतं, पण ते त्वचेवरचं तेल जास्त ओढून नेतं. अंदाजासाठी मनगटाच्या आतल्या बाजूवर पाणी घ्या. गरम वाटलं तर ते डोक्यासाठी जास्तच आहे. ना गरम ना गार वाटलं तर योग्य. बाकीची आंघोळ हवी तेवढ्या गरम पाण्याने करा.

शांपू फक्त डोक्याच्या त्वचेवर बोटांच्या पेरांनी चोळा. केसांची लांबी वेगळी घासू नका. धुताना वरून उतरणारा फेस तिच्यासाठी पुरेसा असतो.

कंडिशनर नेमकं काय करतो?

झिजलेल्या केसाच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो, आणि जिथे झीज जास्त तिथे तो जास्त. कंडिशनरमधले मुख्य रेणू धनभारित असतात. बाटलीच्या मागे बेहेनट्रायमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असं नाव दिसेल, ते हेच. ते केसाला चुंबकासारखे चिकटतात, आणि आपोआप तिथेच जास्त चिकटतात जिथे गरज जास्त आहे, म्हणजे टोकांना. त्यामुळे केस घसरटा होतो, कंगवा अडकत नाही, आणि या थरात धरलेल्या ओलाव्यातून घर्षणाचा भार वाहून जातो. केस उभे राहणं आणि टोकं तुटणं या दोन्ही तक्रारींवर एकाच वेळी चालणारं हेच.

तरी "लावूनही उपयोग होत नाही" अशी तक्रार असते. बहुतेक वेळा कारण पाणी असतं. केस निथळत असताना कंडिशनर लावला तर तो पातळ होऊन वाहून जातो. शांपू धुतल्यावर केस हलक्या हाताने पिळा, पाणी टपकायचं थांबू द्या, मग कानापासून खाली लावा. खांद्याखालच्या केसांना एक मोठा चमचा पुरतो. दोन-तीन मिनिटं ठेवा आणि त्याच वेळी रुंद दातांच्या कंगव्याने गुंता काढून घ्या. आधी टोकं, मग थोडं वर, मग आणखी वर. मुळापासून खाली ओढत आलात तर सगळे गुंते टोकाशी गोळा होतात आणि तिथेच केस तुटतात. मग नीट धुवा.

टॉवेलने खसाखसा पुसू नका, जुन्या सुती कपड्यात दाबून पाणी टिपा. केस ओले ठेवून ड्रायर एकाच जागी धरू नका. आधी हवेवर बऱ्यापैकी सुकू द्या, उरलेलं मध्यम उष्णतेवर.

ह्युमिडिफायर घ्यायचा का?

खिडक्या उघड्या असलेल्या नाशिक-पुण्याच्या घरात नको. खोलीत सोडलेली वाफ खिडकीतून बाहेर जाते आणि यंत्र शेवटी अंगण ओलं करत बसतं. शिवाय रात्री, जेव्हा तुम्ही खोलीत असता, तेव्हा तिथली हवा तशीही फार कोरडी नसते. इथे दुपारी बाहेर पडताना केस वेणीत किंवा ओढणीखाली ठेवणं जास्त कामाचं.

बंद, तापवलेल्या घरात मात्र घ्यावा. टोरांटोच्या त्या खोलीचा हिशोब करू. खोली 4 मीटर बाय 4 मीटर, उंची अडीच मीटर, म्हणजे हवेचे 40 खोके. आर्द्रता 20 टक्क्यांवरून 35 टक्क्यांवर न्यायची तर प्रत्येक खोक्यात सुमारे 3 ग्रॅम पाणी वाढवावं लागेल. झाले 120 ग्रॅम. पण घर पूर्ण हवाबंद नसतं. दर तासाला निम्मी हवा बदलते असं धरलं तर तासाला आणखी 60 ग्रॅम हवेत. आठ तासांच्या झोपेसाठी एकूण 600 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या लिटरपेक्षा थोडं जास्त. दोन लिटरच्या टाकीचं साधं यंत्र, दार बंद ठेवून, पुरेसं आहे.

हीटरशेजारी वाटीभर पाणी ठेवण्याचा सल्ला सगळीकडे फिरतो. पण वाटीच्या तोंडाएवढ्या पृष्ठभागावरून तासाला मोजकेच ग्रॅम पाणी उडतं. हवेत 60 ग्रॅम, तिथे त्याने काय होणार? त्यापेक्षा धुतलेले कपडे खोलीत स्टँडवर वाळत घाला. मशीनमधून पिळून निघालेल्या चार किलो कपड्यांत दीड-दोन लिटर पाणी असतं आणि ते सगळं खोलीतच उडतं. यंत्र नसेल तर हा उत्तम उपाय.

मात्र हे अंदाजाने करू नका. काही शे रुपयांत मिळणारा हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र, आधी घ्या. तो खरं सांगतो का हे घरीच तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन त्यात थोडं पाणी घाला, मीठ विरघळू न देता फक्त ओलसर, लापशीसारखं होऊ द्या. ते झाकण आणि यंत्र एका बंद डब्यात रात्रभर ठेवा. आकडा 75 च्या जवळ यायला हवा. 70 दाखवला तर पुढे प्रत्येक आकड्यात साधारण 5 मिळवायचे.

किती आर्द्रता ठेवायची? 30 ते 40 टक्के. त्यापेक्षा जास्त करण्याचा मोह आवरा, कारण बाहेर उणे 10 असताना खिडकीची काच थंडगार असते. तिच्यावर पाणी जमून चौकटीत बुरशी धरते. काचेच्या कडांवर सकाळी पाण्याचे ओघळ दिसले तर आर्द्रता कमी करा. बाहेर उणे 20 असेल तर 30 च्याही खाली राहावं लागतं. यंत्राची टाकी रोज रिकामी करून पुसा, दर तीन दिवसांनी घासा. साचलेल्या पाण्यात वाढलेले जिवाणूच नाहीतर वाफेबरोबर खोलीभर उडतील. फर्निचरवर पांढरी धूळ बसायला लागली तर ती नळाच्या पाण्यातल्या क्षारांची आहे, डिस्टिल्ड पाणी वापरा.

मग त्या मुलीने काय करायचं?

धुणं आठवड्यातून दोनदा, पहिले चार आठवडे किटोकोनॅझोलने, मुळाशी पाच मिनिटं ठेवून. मुळाशी तेल बंद. आईने सांगितलेलं खोबरेल मात्र चालू, फक्त कानाखाली आणि धुण्याच्या तासभर आधी. दर धुण्याला निथळलेल्या केसांवर कंडिशनर. रात्री खोलीत 35 टक्के आर्द्रता.

यात सगळे बदल एका वेगाने दिसत नाहीत. केस उभे राहणं पहिल्याच धुण्यानंतर कमी होतं. कोंडा उतरायला दोन ते चार आठवडे लागतात. आणि फाटे फुटलेली टोकं कशानेच परत जुळत नाहीत. सीरम त्यांना पुढच्या धुण्यापर्यंत चिकटवून ठेवतं एवढंच. फाटा वर चढत जायच्या आत दोन-तीन सेंटिमीटर कापून टाकलेले बरे. दोन-तीन महिन्यांत तेवढी वाढ परत येते, आणि तोवर थंडीही सरलेली असते.